गरम दुधाचा प्रश्न

परदेशच्या बाजारपेठेत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या कारखानदारापुढे एक पेच उभा राहतो. स्वदेशी लोकांनी पसंत केलेली वस्तू त्याच रूपात आणि त्याच वेष्टनात तेथेही विकावी, की तेथील सवयी पाहून तिच्यात बदल करावा? पहिल्या मार्गास प्रमाणीकरण म्हणतात, दुसऱ्यास अनुकूलन. थिओडोर लेव्हिट ह्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८३ साली एका गाजलेल्या लेखात पहिल्या मार्गाचा पुरस्कार केला. जगभरच्या लोकांच्या आवडीनिवडी एकसारख्या होत चालल्या आहेत. एकच वस्तू प्रचंड प्रमाणात काढली की ती स्वस्त पडते, आणि स्वस्त व चांगली वस्तू कोणीही घेतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. आम्हांला तो अर्धाच पटतो.

ह्याचे कारण आपल्याच देशात घडलेल्या एका प्रकरणात आहे. अमेरिकेतील केलॉग कंपनीने १९९४ साली भारतात कॉर्नफ्लेक्स आणले व मुंबईजवळ तळोजा येथे कारखाना घातला. आपल्या चिवड्यातील मक्याच्या पोह्यांचे हे चुलत भावंडच. मका शिजवून, लाटून, भाजून केलेल्या ह्या पापुद्र्यांची सारी गोडी त्यांच्या कुरकुरीतपणात असते. आरंभी लोकांनी कुतूहलाने पुडकी नेली. परंतु पुढील वर्षी विक्री ओसरली. असे का व्हावे?

उत्तर कारखान्यात नव्हते, आपल्या स्वयंपाकघरात होते. आपल्याकडे गवळ्याचे दूध घरी आले की ते प्रथम तापवावयाचे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज; कारण न तापविलेले दूध नासते आणि रोगही आणते. म्हणून सकाळी मुलांच्या हाती जाते ते ऊन दूध. अमेरिकेत मात्र कॉर्नफ्लेक्सवर थंड दूध ओततात. ऊन दूध पापुद्र्यांत झटकन शिरते आणि ते मऊ पडून लगदा होतो. बरे, आईने थंड दूध घातलेच, तर वरून घातलेली साखर नीट विरघळत नसे. शिवाय मोहन मीकिनचे कॉर्नफ्लेक्स येथे पूर्वीपासून मिळत होते, आणि नव्या मालाची किंमत त्याहून चढी होती. ज्या घरात उपमा, पोहे किंवा इडली गरमागरम पानात पडते, त्या घराने अधिक पैसे मोजून लगदा का खावा?

पुढे कंपनीने बदल केले. १९९८ साली मक्याचाच ‘मझा’ नावाचा पदार्थ आंबा-वेलची, नारळ-केशर आणि गुलाब अशा स्वादांत काढला. लहान पुडकीही आली. तथापि आमच्या मते खरा धडा स्वादांत नाही. मूळ घोटाळा चवीचा नव्हताच, वापराचा होता. आणि वापर कसा होतो हे ग्राहकाला विचारून नेहमी कळत नाही, सकाळी सात वाजता त्याच्या चुलीपाशी उभे राहावे लागते.

मग सर्वच बदलावे काय? तेही नव्हे. प्रत्येक नव्या प्रकारासाठी यंत्र थांबवून धुवावे लागते, वेगळे वेष्टन छापावे लागते, वेगळा साठा ठेवावा लागतो. एक प्रकार खपला नाही की तो दुकानाच्या फळीवर शिळा होतो. पाच देशांसाठी पाच वस्तू काढणारा लहान कारखानदार स्वस्ताईचा फायदा तर गमावतोच, आपली ओळखही गमावतो. म्हणून आमचे मत असे की, कच्चा माल, कृती आणि नाव ही एकच ठेवावीत. ग्राहकाच्या हाताशी, भांड्याशी आणि खिशाशी ज्यांचा संबंध येतो तेवढ्याच गोष्टी बदलाव्यात.

समजा, हैदराबादेतील एखाद्या बेकरीस आपली उस्मानिया बिस्किटे जर्मनीत विकावयाची आहेत. लोण्याचा वास आणि ती खारट-गोड चव हीच त्यांची ओळख. तिला हात लावू नये. पण इराणी चहात बुडवून खाण्याची रीत तेथे कोणास ठाऊक असणार? ठिसूळ बिस्किट कॉफीत अंमळ अधिक राहिले, तर तळाशीच सापडावयाचे! तेव्हा किती क्षण बुडवावे, हे वेष्टनावर जर्मन भाषेत चित्रासह सांगावे. लांबच्या प्रवासात चुरा होऊ नये म्हणून डबा मजबूत हवा, आणि पहिले पुडके लहान असावे.

मग एकाच शहरात थोडा माल पाठवून थांबावे. पहिले पुडके कुतूहलापोटी नेले जाते. त्याच्या आकड्यावर भुलू नये. तोच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा किती वेळा आला, हे दुकानदाराकडून टिपून घ्यावे. आणि त्या टिपणातून तेथे राहणारे हैदराबादी मात्र वगळावेत. ते तर घरच्या आठवणीने भारावून फुटकी बिस्किटेसुद्धा घेऊन जातील.