पैसे आले, पण कोणत्या बिलाचे?

गल्ल्यापाशी चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये फक्त विक्रेत्याचे नाव आणि यूपीआय पत्ता असतो. बिलाचा क्रमांक त्याला ठाऊक नसतो. समजा, दोन ग्राहकांची बिले प्रत्येकी ११,८०० रुपयांची आहेत: दहा हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एकाने रक्कम पत्नीच्या खात्यातून पाठवली. बँकेच्या उताऱ्यात उमटते ती रक्कम, बारा अंकी संदर्भ क्रमांक आणि एक अनोळखी नाव. हिशेबनीस अंदाजाने ती दुसऱ्याच्या खाती जमा धरतो आणि ज्याने पैसे भरले त्यालाच तगादा लागतो.

तोडगा यूपीआयच्या रचनेतच आहे. प्रत्येक बिलासाठी स्वतंत्र कोड किंवा लिंक काढली, तर रक्कम `am` मध्ये आणि बिलाचा क्रमांक `tr` मध्ये आधीच भरता येतो. पैसे कोणाच्याही खात्यातून येवोत, जुळणी त्या क्रमांकावरून होते.

माझा आक्षेप धोरणाला आहे. किरकोळ ग्राहकाच्या बिलावर असा कोड छापण्याची जीएसटीतील सक्ती ५०० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना आहे, आणि संगणकप्रणाली तर त्यांच्याकडे असतेच. लहान व्यापाऱ्याने `tr` भरला, तरी तो त्याच्या उताऱ्यात दिसेलच याची शाश्वती नाही. रिझर्व्ह बँकेने तो रकाना सर्व बँकांच्या उताऱ्यांत अनिवार्य करावा.