फोटोखालची तारीख

प्रदर्शनाच्या निमंत्रणावर तारखा असतात, वेळ असते, ‘प्रवेश विनामूल्य’ असते. भिंतीवरच्या फोटोखाली मात्र ‘जुनी गल्ली’ एवढेच. कोणती गल्ली, कुठल्या टोकाकडून, कोणत्या साली?

आंबेगाव तालुक्याला हा प्रश्न अधिक बोचावा. ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि कचेरी घोडेगावात राहिली. त्या गावाच्या गल्ल्या आता फक्त फोटोंत सापडतील, आणि असे फोटो उठून गेलेल्या कुटुंबांच्या ट्रंकांत असणार. वरातीचा फोटो नवरदेवासाठी जपला जातो. त्याच्या मागचे दार, ओटा, समोरचे दुकान कुणी पाहत नाही. तो फोटो स्कॅन करताना मागची बाजूही करावी, कारण स्टुडिओचा शिक्का आणि आजोबांच्या हातची तारीख तिथेच असते.

शेजारच्या जुन्नरच्या कल्याण पेठेत मात्र आजही उभे राहून फोटो काढता येतो. म्हणून दोन्ही तालुक्यांतल्या हौशी छायाचित्रकारांना आमचेच निमंत्रण: १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनी, प्रदर्शन उघडा आणि पुढच्या रविवारपर्यंत ठेवा. वेळ सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ९ अशी असावी, म्हणजे दुकान बंद करून येणाऱ्यालाही पाहता येईल. जुन्नरनंतर तेच फोटो घोडेगावात लावा. तिकीट नको.

अरुंद गल्लीत उन्हात एक भिंत पांढरी पडते, दुसरी काळी. पावसाळी ढगाळ सकाळी दोन्ही भिंती सारख्या उमटतात, विटा आणि लाकडाचे नक्षीकामही दिसते. कॅमेरा वर झुकवला तर वाडे मागे कलंडल्यासारखे दिसतात. तो सरळ धरावा आणि मागे सरकावे. पाच वर्षांनी त्याच जागी पुन्हा उभे राहता यावे म्हणून जवळची खूण लिहून ठेवावी, एखादे देऊळ किंवा पार.

तारखेची एक मेख आहे. मोबाइलमधल्या मूळ फोटोत काढल्याचा दिवस नोंदलेला असतो, पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने आला की ती नोंद गळते. फाइलच्या नावात दिसणारा दिवस फोटो काढल्याचा असेलच असे नाही. प्रदर्शन भरवणाऱ्या गटाने सभासदांकडून मूळ फाइलच घ्यावी.

आणि प्रत्येक फोटोखाली एक कोरा कागद व दोऱ्याला बांधलेली पेन्सिल ठेवावी. म्हातारी माणसे थांबतील, बोट ठेवतील, ‘हे अमक्याचं घर, इथं आड होता’ म्हणतील. तेवढे तिथल्या तिथे उतरवून घ्यावे, सांगणाऱ्याला विचारून त्याच्या नावासकट.