हेलपाट्याचे पैसे कोणी द्यायचे?



आमच्या ओळखीच्या एका बचतगटातल्या ताईंनी सांगितलेला हिशेब आधी ऐका. सोसायटीतल्या एका घरी नवराबायको दोघंही नोकरीला. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हवा होता. त्यांनी ताईंना विचारलं, "मावशी, एवढं काम करून द्याल का? ५० रुपये देते." ताई हो म्हणाल्या. लहानसं काम, त्यात ओळखीचं घर.

पहिल्या दिवशी त्या क्षेत्रीय कार्यालयात गेल्या. जायला २० मिनिटं, यायला २० मिनिटं, आणि तासाभराहून जास्त वेळ रांगेत. खिडकीपाशी पोचल्यावर कळलं की जन्माच्या नोंदीत मुलीचं नावच नाही. बाळ दवाखान्यात जन्मलं तेव्हा नाव ठेवलेलं नव्हतं आणि पुढे कोणी ते घातलं नाही. आता नाव घालण्यासाठी आईवडिलांच्या सहीचा अर्ज हवा. दुसऱ्या खेपेला त्या अर्ज देऊन पोच घेऊन आल्या, तिसऱ्या खेपेला दाखला. पहिली खेप पावणेदोन तासांची, दुसरी सव्वा तासाची, तिसरी एक तासाची, म्हणजे एकूण ४ तास. बसला दर खेपेस जाऊन-येऊन २० रुपये, म्हणजे ६० गेले. हातात आले ५०. चार तास उभं राहून ताईंनी पदरचे १० रुपये घातले.

त्या घरातली बाई काही कंजूष नव्हती. तिलाही हे काम किती तासांचं आहे ते ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी ते 'एक काम' होतं आणि एका कामाचे ५० रुपये तिला वाजवी वाटले. गोम इथेच आहे. आपल्या घरांत खेटे घालायचं काम आजवर ज्यांच्याकडे होतं, ती सासू, नोकरी न करणारी वहिनी, कॉलेजातली धाकटी नणंद, त्यांचा वेळ कोणी कधी मोजलाच नव्हता. रेशनच्या रांगेतली सकाळ घराच्या जमाखर्चात कधी आली नाही. तेच काम बाहेरच्या बाईला दिलं तेव्हा दर कसा ठरवायचा, हे कोणालाच सुचेना.

गेल्या काही वर्षांत अनेक गटांनी 'बाहेरची कामं करून देऊ' अशी सेवा सुरू करायचं मनावर घेतलं आहे. विजेची, पाण्याची बिलं बरीच माणसं आता घरबसल्या मोबाइलवरून भरतात, त्यामुळे ती रांग आखूड झाली. उरली ती माणूस समोर लागणारी कामं: दाखल्यांचे अर्ज आणि त्यांची उचल, शाळा सोडल्याचा दाखला, दवाखान्यातला केसपेपर आणि तपासण्यांचे रिपोर्ट, पासबुक भरून आणणं, स्पीड पोस्टाचं पत्र. त्यातही जन्मदाखल्याची निकड वाढली आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, त्यामुळे १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला दाखवावा लागणार. काम मिळेल यात शंका नाही. त्यात बाईच्या हाती काय उरेल हा प्रश्न आहे.

आमचं म्हणणं असं की दर कामावर लावू नका, वेळावर लावा. ताईंच्या गटाने शेवटी तेच केलं. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत तासाला ८० रुपये, त्यातले ७० बाईचे आणि १० गटाचे. बसभाडं आणि खिडकीवरची फी जेवढी लागली तेवढी, पावती दाखवून वेगळी. हा आकडा त्यांनी आपल्या वस्तीत धुण्याभांड्यांच्या तासाला काय मिळतं ते पाहून, त्याच्या थोडा वर ठरवला. तुमच्या गावी तो वेगळा असेल.

या दराने त्या दाखल्याचे ३२० आणि भाड्याचे ६०, म्हणजे ३८० रुपये होतात. ऐकणाऱ्या घराला हे भारी वाटतं, आणि खरंच भारी आहे. पण हिशेब उलगडून पाहा. त्यातली पहिली खेप व्हायलाच नको होती. काम घेताना "नोंदीत मुलीचं नाव घातलंय का?" एवढं विचारलं असतं, तर सव्वादोन तासांत, १८० रुपये आणि भाड्याचे ४० यांत काम झालं असतं. (नाव जन्मनोंदीपासून १२ महिन्यांच्या आत घातलं तर फी लागत नाही, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येतं. हे तर आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला ठाऊक असायला हवं.) उरलेल्या दोन खेपांतला ८० मिनिटांचा वेळ निव्वळ रस्त्याचा आहे. त्याच दिवशी त्याच भागातली तीन घरांची कामं घेतली, तर रस्ता प्रत्येकाच्या वाट्याला २७ मिनिटं येतो, आणि त्या घराचं बिल भाड्यासकट १२३ रुपयांच्या आसपास उतरतं. म्हणजे दर परवडेल असा करायचा तर बाईचा तास स्वस्त करावा लागत नाही. आधी नीट विचारायचं आणि कामं जोडून घ्यायची, एवढं पुरतं.

वेळावर दर लावण्याचं आणखी एक कारण आहे, आणि आमच्या मते तेच मोठं. 'दाखला मिळाला तर पैसे' असं ठरलं की बाईला दाखला लवकर मिळवण्याची घाई होते. मग खिडकीवर चहापाणी द्यायचा मोह होतो, आतल्या माणसाशी संधान बांधलं जातं, आणि वर्षभरात आपली मैत्रीण कचेरीच्या फाटकाशी उभ्या असणाऱ्या एजंटांपैकी एक झालेली असते. तासाचे पैसे मिळत असतील तर तिला अशी घाई नाही. काम अडलं तर ती पोच मागते, त्यावरची मुदत वाचते आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं हे त्या घराला सांगते. जिथे काम लागतच नाही तिथे तसंही सांगते. शासकीय कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क २००४ सालीच माफ झालं आहे, तरी लोक स्टँपपेपरच्या रांगेत उभे असतात. "ताई, हा कागद लागत नाही," असं एजंट सांगणार नाही.

उलट भीतीही खरी आहे. तासावर दर लावला तर बाई रेंगाळली कशावरून नाही? घरची मंडळी हे तोंडावर विचारत नाहीत, पण मनात असतं. त्याला उत्तर वहीचं. निघाल्याची वेळ, रांगेत नंबर लावल्याची वेळ, खिडकीपाशी पोचल्याची वेळ, आणि काय उत्तर मिळालं ते, एका ओळीत. टोकनची चिठ्ठी असेल तर ती चिकटवायची. खिडकी बंद असेल तर बाहेरच्या पाटीचा फोटो काढायचा. दोन महिने वही भरली की कुठल्या खिडकीला कुठल्या वारी किती वेळ लागतो ते गटालाच कळू लागतं, आणि पुढच्या घराला आधीच अंदाज देता येतो. अंदाजापेक्षा जास्त वेळ लागतोय असं दिसलं तर रांगेतूनच फोन करायचा: थांबू की परत येऊ?

विश्वास हा शब्द आपण भाबडेपणाने वापरतो. 'मावशी घरच्यासारख्या आहेत' म्हणून कागद न करणं हे मावशीच्याच अंगाशी येतं. शंभराच्या दोन नोटा कमी निघाल्या तर संशय कोणावर जाणार हे सांगायला नको. म्हणून कार्बन लावलेलं पावतीपुस्तक हवंच. किती पैसे दिले, कुठले कागद दिले, कधी दिले, आणि दोघींच्या सह्या. नोटा दोघींसमोर मोठ्याने मोजायच्या. 'कधी' हेही महत्त्वाचं. विजेच्या बिलावर वेळेआधी, मुदतीत आणि मुदतीनंतर भरायच्या वेगवेगळ्या रकमा असतात. शेवटच्या तारखेला संध्याकाळी पैसे हातात ठेवून दुसऱ्या दिवशीचा दंड बाईच्या माथी मारल्याचं आम्ही ऐकलं आहे. ताईंचा गट २००० रुपयांच्या वर रोकड घेतच नाही, मोठी रक्कम घराने स्वतः भरावी किंवा ज्या कचेरीची आहे तिच्या नावाचा रेघ मारलेला चेक द्यावा. मूळ कागद शक्यतो घ्यायचा नाही, घ्यावाच लागला तर त्याच संध्याकाळी परत. झेरॉक्सवर आडवं लिहून घ्यायचं की ही प्रत अमुक कामासाठी, अमुक तारखेला. सोबत अधिकारपत्र, त्यात कामाचं नाव आणि नेणारीची सही. मोबाइलवर येणारा ओटीपी विचारायचा नाही आणि कोणी दिला तरी ऐकायचा नाही. हे घराच्या रक्षणासाठी जेवढं, तेवढंच आपल्या बाईच्या.

काही कामं घ्यायचीच नाहीत. जिथे अंगठा लागतो, आधारमधली दुरुस्ती, रेशन दुकानातलं मशीन, तिथे दुसऱ्याच्या वतीने जाऊन उपयोग नाही. पण एकट्या राहणाऱ्या आजींना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत सोबत नेणं, बसवणं, नंबर आला की उठवणं, हे याच दराने करता येतं, आणि त्याची मागणी जास्त आहे असं ताई सांगतात.

रांग विकायचीही नाही. सरकारी दवाखान्यात पहाटे जाऊन सहा जणांचे नंबर धरून ठेवले तर मागे उभी असलेली, खेड्यातून पहिल्या गाडीने आलेली बाई सहा नंबर मागे जाते. तिच्याजवळ कोणाला द्यायला पैसे नाहीत म्हणून तर ती स्वतः उभी आहे. एका वेळी एकाच घराचा नंबर, हा नियम ताईंच्या गटात वाद घालून झाला. दोघी त्या वादात गट सोडून गेल्या. आम्हाला नियम बरोबर वाटतो. पण ज्या गेल्या त्यांची चूल त्या पैशांवर होती, हेही लिहून ठेवायला हवं.

राहिला मथळ्यातला प्रश्न. गटाने असं ठरवलं: घराने माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली, तर खेपेचे पैसे घराने द्यायचे. आपण विचारायचं विसरलो तर गटाच्या १० रुपयांच्या साठ्यातून, बाईच्या पदरातून नाही. जन्मदाखल्याच्या त्या पहिल्या खेपेचे पैसे ताईंना असेच मिळाले, तीन महिन्यांनी, साठा जमल्यावर. संगणक बंद, कारकून रजेवर, अचानक सुट्टी, अशा वेळी मात्र एकमत नाही. घर म्हणतं, काम झालं नाही. बाई म्हणते, तुम्ही स्वतः गेला असता तर तुमचाही दिवस गेलाच असता. सध्या निम्मेनिम्मे चाललं आहे आणि कोणीच खूश नाही. तुमच्या गटात हे कसं सोडवलं ते, वहीतल्या नोंदींसकट, आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.