गर्भपातानंतरची रजा : मालक कोणता पुरावा मागू शकतो?

बाळंतपणाच्या रजेबद्दल आता बऱ्यापैकी माहिती झाली आहे. २६ आठवडे हा आकडा कारखान्यातल्या बाईपासून बँकेतल्या ताईपर्यंत अनेकींना ठाऊक असतो. पण गर्भ मध्येच पडला किंवा डॉक्टरांकडून गर्भपात करवून घ्यावा लागला, तर किती रजा मिळते, हे विचारले की बहुतेकजणी गप्प होतात. चार दिवस आजारपणाची रजा टाकून, ताप होता असे सांगून त्या कामावर परततात. कायदा मात्र त्यांना सहा आठवड्यांची पगारी रजा देतो आणि ही तरतूद १९६१ पासून आहे.

ही रजा न घेण्याचे मोठे कारण म्हणजे पुरावा. ऑफिसात काय कागद द्यायचा, तो कोण वाचणार आणि नंतर किती जणांना कळणार, या भीतीने हक्काची रजा सोडली जाते. म्हणून कायदा नेमका किती पुरावा मागतो, याच एका प्रश्नाकडे आम्ही इथे बघणार आहोत.

कायदा काय सांगतो

मातृत्व लाभ कायदा १९६१ च्या कलम ९ मध्ये ही रजा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आणि हीच तरतूद आता संहितेच्या कलम ६५ मध्ये आहे. गर्भपात झाला किंवा वैद्यकीय पद्धतीने गर्भ काढावा लागला, तर त्या दिवसाच्या लगेच पुढच्या सहा आठवड्यांची रजा, मातृत्व लाभाच्या दराने पगारासह. अट एकच, नियमांनी ठरवलेला पुरावा सादर करायचा. हा पुरावा म्हणजे व्यवहारात नोंदणीकृत डॉक्टरचे प्रमाणपत्र.

या कलमात दोन गोष्टी नाहीत, त्याही लक्षात घेऊ. बाई विवाहित असली पाहिजे, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. आणि आधी किती मुले आहेत, याचाही संबंध नाही. बाळंतपणाची रजा दोन हयात मुलांनंतर २६ वरून १२ आठवड्यांवर येते, पण गर्भपाताचे सहा आठवडे कमी होत नाहीत. तुम्हाला दोन मुले आहेत, म्हणून रजा मिळणार नाही, असे कोणी सांगत असेल तर ते चुकीचे आहे.

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा पुढचा आहे. गर्भ आपोआप पडला असो की डॉक्टरांनी कायदेशीररीत्या काढला असो, कायद्याने दोन्हींना सारखीच रजा दिली आहे. रजा जर सारखीच, तर मालकाला कळायला हवे ते एवढेच की या बाईची गर्भावस्था अमुक तारखेला संपली. ती कशी संपली, का संपली, गर्भात काही दोष होता का, वडील कोण, या प्रश्नांच्या उत्तराने रजेचा एक दिवसही कमी-जास्त होत नाही. ज्या माहितीने निर्णय बदलत नाही, ती मागण्याचे कारण मालकाकडे उरत नाही.

गुप्ततेचा नियम डॉक्टरवर आणि मालकावरही

वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ मध्ये आहे. त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५-अ आले. गर्भपात करवून घेतलेल्या बाईचे नाव व तपशील डॉक्टरने कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कोणालाही सांगायचे नाहीत. सांगितले तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे ऑफिसातून दवाखान्यात फोन करून "हिचे नेमके काय झाले होते?" असे विचारले, तर डॉक्टरने उत्तर देता कामा नये.

याच कायद्याखालच्या २००३ च्या विनियमांमध्ये एक तरतूद आहे, जी फारशी कोणाला माहीत नसते. दवाखान्याचे गर्भपात नोंदवही रजिस्टर गुप्त ठेवायचे असते. पण नोकरी करणाऱ्या बाईने अर्ज केला, तर तिला मालकाकडून रजा मिळावी म्हणून डॉक्टर प्रमाणपत्र देऊ शकतो. आणि लगेच पुढे म्हटले आहे की अशा मालकाने ही माहिती दुसऱ्या कोणालाही सांगायची नाही. म्हणजे प्रमाणपत्र बाईने मागितल्यावर निघते आणि मालकाच्या हातात पडले की तिथेच थांबते. ते ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे किंवा हजेरीपत्रकात कारण लिहून सगळ्यांसमोर ठेवणे, हे या नियमाचे उल्लंघन आहे.

एक उदाहरण

समजा, नागपुरातल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये पंधरा जण काम करतात. तिथली एक तंत्रज्ञ ताई दहाव्या आठवड्यात आहे. ३ मार्चला तिला रक्तस्राव होतो, दवाखान्यात नेतात, गर्भाशय साफ करावे लागते. तिची रजा ४ मार्चपासून सुरू होते. ४२ दिवस मोजले की १४ एप्रिल येतो. म्हणजे ती १५ एप्रिलला कामावर हजर होईल.

पगार मोजताना मागच्या तीन महिन्यांत काम केलेल्या दिवसांची सरासरी रोजची मजुरी धरतात. ती १,००० रुपये निघाली असे धरू. मालक म्हणेल, सहा आठवड्यांत सहा रविवार येतात, ते वगळून ३६ दिवसांचे ३६,००० देतो. हे चालत नाही. बी. शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितले आहे की मातृत्व लाभाचा आठवडा रविवार धरून सात दिवसांचा असतो. त्यामुळे तिला ४२,००० रुपये मिळायला हवेत.

आता पुराव्याकडे येऊ. ऑफिसातला क्लार्क तिला सोनोग्राफीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि नवऱ्याची सही आणायला सांगतो. नवऱ्याच्या सहीला काहीच आधार नाही. सज्ञान बाईच्या गर्भपातालासुद्धा कायदा फक्त तिचीच संमती मागतो, मग रजेला नवऱ्याची सही कशाला? सोनोग्राफी आणि डिस्चार्ज कार्ड हे उपचाराचे कागद आहेत, रजेचे नाहीत. ताईने डॉक्टरकडून वेगळे, एका पानाचे प्रमाणपत्र घ्यावे. त्यात तिचे नाव, तारीख, "गर्भपात / वैद्यकीय गर्भपात झाल्यामुळे सहा आठवडे रजा आवश्यक" एवढे वाक्य, डॉक्टरची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असावा. मालकाला खोट्या प्रमाणपत्राची शंका असेल, तर त्या नोंदणी क्रमांकाचा डॉक्टर खरोखर आहे का, हे तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाहू शकतो. त्यासाठी बाईची फाईल उघडायची गरज नाही.

डिस्चार्ज कार्ड का देऊ नये

यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. वैद्यकीय भाषेत आपोआप गर्भ पडण्यालाही 'अबॉर्शन'च म्हणतात. कार्डावर 'इनकम्प्लीट अबॉर्शन' किंवा 'मिस्ड अबॉर्शन' लिहिलेले असते. पहिल्याचा अर्थ गर्भ पडला पण काही भाग आत राहिला, दुसऱ्याचा अर्थ गर्भ पोटातच मृत झाला. क्लार्क मात्र 'अबॉर्शन' हा शब्द वाचतो आणि बाईने मुद्दाम मूल पाडले, असा अर्थ काढतो. मग कुजबुज सुरू होते. रजा तर दोन्हीकडे सारखीच आहे, पण बाईची बदनामी एका शब्दाने होते.

'थ्रेटन्ड अबॉर्शन' हा शब्द मात्र वेगळा. त्यात रक्तस्राव असतो पण गर्भ टिकून असतो. तो गर्भपात नव्हे, त्यामुळे सहा आठवड्यांची रजा लागू होत नाही. गर्भावस्थेतून आलेल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंतची वेगळी पगारी रजा आहे, ती मागावी. गर्भपातानंतर जंतुसंसर्ग झाला, रक्त कमी पडले, तर हाच महिना सहा आठवड्यांच्या पुढे जोडूनही मिळतो. त्यासाठी त्या आजाराचे वेगळे प्रमाणपत्र द्यावे लागते.

उलट चूकही होते. डॉक्टर बाईची लाज राखायला म्हणून फक्त 'अशक्तपणा, विश्रांती' असे लिहून देतात. मग ऑफिस ती आजारपणाची साधी रजा धरते आणि तिच्या खात्यातल्या रजा संपतात. प्रमाणपत्रात गर्भपात हा शब्द हवाच, त्यापुढचा तपशील नको.

आणखी एक सीमा आठवड्यांची आहे. कायद्यात गर्भपात म्हणजे २६ वा आठवडा संपेपर्यंतचा. त्यानंतर मृत मूल जन्मले तर ती प्रसूती धरली जाते, कारण मूल या शब्दात मृत मूलही येते. अशा बाईला सहा आठवडे देऊन परत बोलावणे म्हणजे तिची बाळंतपणाची पूर्ण रजा बुडवणे आहे. अशा वेळी प्रमाणपत्रावर किती आठवडे होते, हे लिहून घेणे तिच्याच फायद्याचे.

कुठे अडते

हा हक्क सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही. दुकाने व आस्थापनांना दहा किंवा जास्त कामगार असल्याशिवाय ही तरतूद लागू नाही. घरकाम करणाऱ्या बाया तर बाहेरच राहतात, आणि आपल्या वस्त्यांतल्या किती आया-बहिणी हेच काम करतात, हे आपल्याला माहीत आहे. ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे आणि ईएसआय कापला जातो, त्यांना पैसे मालक देत नाही, ईएसआय देते. तिथे प्रमाणपत्र ईएसआयच्या दवाखान्यातून घेऊन शाखा कार्यालयात द्यायचे. मुकादमाला किंवा सुपरवायझरला तपशील सांगायची गरज नाही. दुकानातून गोळ्या आणून घरीच घेतल्या असतील, तर जिवाला धोका असतोच, शिवाय रजेसाठी कागदही उभा राहत नाही. म्हणून आधीच नोंदणीकृत डॉक्टरकडे जावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. गिरणीतल्या बाईच्या विश्रांतीचा भार मालकाने का उचलावा, हा वाद तेव्हाही होता. आज कागदावर हक्क आहे, पण तो क्लार्कच्या टेबलावर अडतो.

म्हणून आपल्या युवक मंडळांनी आणि महिला मंडळांनी एक काम करावे. रजेच्या अर्जाचा नमुना तयार ठेवावा. त्यात "सामाजिक सुरक्षा संहिता, कलम ६५ नुसार सहा आठवड्यांची रजा" एवढेच लिहावे. प्रमाणपत्र बंद पाकिटात, एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या नावाने द्यावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच महत्त्वाची, कारण माहीत असताना मालकाने या सहा आठवड्यांत बाईला कामावर लावणे हेच कायद्याने मना आहे. पोच हातात असली की "आम्हाला कळवलेच नव्हते" असे त्याला म्हणता येत नाही. तरी रजा नाकारली किंवा पगार कापला, तर त्याच पोचपावतीसह कामगार विभागाच्या निरीक्षकाकडे लेखी तक्रार करावी.