येन महागला, बाजार का कोसळले?

५ ऑगस्ट २०२४ रोजी जपानचा निक्केई १२.४ टक्के घसरला. सेन्सेक्सही २,२०० हून अधिक अंशांनी पडला. यामागचे एक मोठे कारण होते ‘कॅरी ट्रेड’.

तेव्हा जपानमध्ये व्याज जवळपास शून्य होते, अमेरिकेत पाच टक्क्यांच्या वर. म्हणून येनमध्ये कर्ज काढून डॉलरमध्ये गुंतवायचे आणि मधला फरक खिशात घालायचा. समजा, डॉलरला १६० येन असताना कुणी १ कोटी ६० लाख येन उचलले. त्याचे झाले १ लाख डॉलर; वर्षाची कमाई सुमारे ५ हजार. पण कर्ज येनमध्येच फेडायचे असते. ३१ जुलैला बँक ऑफ जपानने व्याजदर ०.२५ टक्क्यांवर नेला, पाठोपाठ अमेरिकेतील रोजगाराचे आकडे कमजोर आले आणि डॉलर १४५ येनच्याही खाली गेला. १४५ च्या दरानेही तेच कर्ज फेडायला १ लाख १० हजार डॉलर लागतात. दोन वर्षांची कमाई महिनाभरात साफ!

हा खेळ बहुतांशी उसन्या पैशांवरच चालतो. तोटा दिसताच दलाल जादा तारण मागतो. ते नसेल, तर हातातले शेअर, मग ते कुठल्याही देशातले असोत, विकून येन घ्यावे लागतात. त्या खरेदीने येन आणखी महागतो आणि पुढचा अडकतो. ७ ऑगस्टला बँकेचे उपगव्हर्नर शिनिची उचिदा यांनी बाजार अस्थिर असताना दरवाढ नाही, असे सांगितले, तेव्हा येन उतरला.