अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये जातो. मग कव्हर लेटरमध्ये शब्द कोणते हवेत?

कंपनीच्या वेबसाइटवरून नोकरीसाठी केलेला अर्ज अनेकदा थेट माणसाच्या हाती पडत नाही. आधी तो ‘अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम’ म्हणजे एटीएस या सॉफ्टवेअरमध्ये जमा होतो. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांची पाहणी केली होती. जाहिरातीतल्या निकषांशी तंतोतंत न जुळल्यामुळे उच्च कौशल्याचे पात्र उमेदवारही गाळले जातात, हे त्यात ८८ टक्के कंपन्यांनी मान्य केलं.

त्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे जाहिरातीतले सगळे शब्द पत्रात कोंबा. तो अर्धाच खरा आहे.

गाळणी कुठे लागते?

अर्ज थेट बाद होतो तो बहुधा फॉर्ममधल्या प्रश्नांमुळे. अनुभव किती वर्षांचा, पदवी कोणती, कामाचा परवाना आहे का, अशा प्रश्नांना चुकीचं उत्तर गेलं तर पत्रातला कोणताही शब्द तुम्हाला वाचवू शकत नाही.

शब्दांचा संबंध येतो तो पुढच्या टप्प्यावर. शेकडो अर्जांमधून एचआरमधली व्यक्ती ‘अकाउंट्स पेएबल’ असं टाइप करून शोधते किंवा सॉफ्टवेअर जुळणीनुसार क्रम लावतं. काही सॉफ्टवेअर समानार्थी शब्द ओळखतात, काही ओळखत नाहीत. शिवाय अनेक ठिकाणी ही जुळणी मुख्यतः रेझ्युमेवर होते आणि पत्र नुसतं सोबत जोडलेलं असतं. म्हणून महत्त्वाचा शब्द आधी रेझ्युमेत हवा. तो शब्द खरा कसा, हे पत्रातून दिसलं पाहिजे.

एक उदाहरण

समजा, चाकणच्या एका लहान कारखान्यात सात वर्षं हिशेब सांभाळणारी एक अकाउंटंट मोठ्या कंपनीत अर्ज करतेय. जाहिरातीत अकाउंट्स पेएबल, थ्री-वे मॅचिंग, व्हेंडर रीकन्सिलिएशन आणि सॅप हे शब्द आहेत. तिचं पत्र इंग्रजीत आहे, त्यातलं मुख्य वाक्य मराठीत सांगायचं तर असं: ‘खरेदीची बिलं तपासून पेमेंट करणं आणि पुरवठादारांच्या तक्रारी सोडवणं ही माझी जबाबदारी आहे.’

हे खरं आहे, पण जाहिरातीतला एकही शब्द त्यात नाही. प्रत्यक्षात ती पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल अशी तिन्ही कागदपत्रं जुळल्याशिवाय पैसे सोडत नाही. यालाच थ्री-वे मॅचिंग म्हणतात. काम तेच, फक्त तिच्या ऑफिसात त्याला हे नाव नव्हतं.

घाईत केलेली दुरुस्ती अशी होते: ‘अकाउंट्स पेएबल, थ्री-वे मॅचिंग, व्हेंडर रीकन्सिलिएशन, सॅप यात निपुण अकाउंट्स पेएबल प्रोफेशनल.’ शोधात हे सापडेल, पण उघडून वाचणाऱ्या माणसाला यातून काहीच कळणार नाही. आणि सॅप तर तिनं कधी वापरलेलंच नाही.

त्यापेक्षा तिनं असं लिहावं: ‘अकाउंट्स पेएबलमध्ये मी दरमहा सुमारे ३०० बिलांचं थ्री-वे मॅचिंग करते. व्हेंडर रीकन्सिलिएशन करताना एका पुरवठादाराचं दोनदा नोंदलेलं बिल सापडलं आणि पेमेंट थांबवता आलं. हे काम मी टॅलीवर केलं आहे. सॅपवर अजून केलेलं नाही.’

प्रत्येक शब्द एकदाच आला आणि त्याच्यामागे एक आकडा किंवा एक प्रसंग आहे. शेवटच्या कबुलीमुळे ‘सॅप’ शोधणाऱ्यालाही हे पत्र दिसू शकतं, कारण साध्या शब्दशोधाला ‘नाही’ कळत नाही. गंमत वाटेल, पण यात लबाडी नाही, वाचणाऱ्याला वस्तुस्थिती लगेच कळते. मात्र जाहिरातीत सॅप अनिवार्य असेल, तर या वाक्यानं ती उणीव भरून निघणार नाही.

किती शब्द घ्यायचे?

जाहिरातीत जे पदाच्या नावात आहे, ‘आवश्यक’ म्हणून दिलंय किंवा दोन-तीनदा आलंय, तेवढंच निवडा. एका पानाच्या पत्राला असे चार-पाच शब्द पुष्कळ झाले. ‘टीम प्लेअर’, ‘डायनॅमिक’ वगैरे सोडून द्या. शोधताना ते क्वचितच कुणी टाइप करत असेल. संक्षेप असेल तर पूर्ण रूप आणि संक्षेप दोन्ही एकेकदा लिहा, कारण समोरचा कोणतं रूप टाइप करेल ते सांगता येत नाही.

पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात शब्द लपवण्याची युक्तीही बरीच फिरते. सॉफ्टवेअर फाइलमधला मजकूर साध्या रूपात काढून घेतं, तेव्हा रंग उरत नाही आणि लपवलेली यादी एचआरच्या स्क्रीनवर उघडी पडू शकते.

हेच तुम्हालाही घरी तपासता येतं. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. दोन रकान्यांतल्या ओळी एकमेकींत मिसळल्या किंवा काहीच पेस्ट झालं नाही, तर अडचण शब्दांची नसून मांडणीची आहे. तेव्हा एकाच रकान्यात, तक्ता न वापरता पुन्हा लिहा. मजकूर नीट आला, तर तो मोठ्यानं वाचा. जो शब्द बोलताना अडतो आणि ज्यावर मुलाखतीत दोन मिनिटं बोलता येणार नाही, तो काढून टाका.