जुन्या पत्राची नक्कल : वाचलेले आणि न वाचलेले

‘ध चा मा’ करणे हा वाक्प्रचार मराठी घरांत सर्वांच्या परिचयाचा आहे. नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधील वधाशी जोडलेली ती आख्यायिका इतिहासाच्या कसोटीवर टिको वा न टिको, एका अक्षराच्या फेराने पत्राचा आशय किती पालटतो, हे ती अचूक सांगते. तेथे अक्षर जाणूनबुजून बदलले, असे म्हणतात. घरातील जुन्या पत्राची नक्कल करताना मात्र हेच काम सद्भावनेने, न कळत होत असते.

सोलापूर व परिसरातील व्यापारी घराण्यांत कापडात बांधलेली जुनी दप्तरे अद्याप आढळतात. त्यांतील रोजमेळ आणि खतावण्यांच्या जोडीने खासगी पत्रेही असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अशी बरीच मराठी पत्रे मोडी लिपीत आहेत. ती बाळबोध लिपीत टंकित करून ठेवण्याची इच्छा आता अनेक कुटुंबांत दिसते. ही नक्कल विश्वसनीय व्हावयाची तर मोडीचे तीन स्वभाव प्रथम ध्यानात घ्यावे लागतात. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जातात. त्यामुळे शब्द कोठे संपला हे दिसत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लिहिण्यात पाळला जात नाही. अनुस्वार आणि विरामचिन्हेही बहुधा गाळलेली असतात. म्हणजे मोडी पत्राची नक्कल करणारा केवळ अक्षरे उतरवीत नाही. प्रत्येक ओळीत तो काही निर्णय घेत असतो. हे निर्णय वाचकास दिसले पाहिजेत, हाच नकलेचा मुख्य नियम होय.

नमुन्यादाखल रचलेले एक पत्र घेऊ. थोरल्या भावाने सोलापुराहून बार्शीस असलेल्या धाकट्यास लिहिलेले, पाच ओळींचे. त्याची नक्कल अशी होईल :

१ चिरंजीव भाऊ यास अनेक आसिरवाद विसेस तु
२ झे पत्र पावले सूत [किंवा : सुत] घेऊन रविवारी नि
३ घावे हुंडी १२५॥ [?] रुपयांची पेढीवर दि
४ ली आईची तबियत [२-३ अक्षरे अवाचनीय] आहे काळ
५ जी न करणे

प्रथम ओळींकडे पाहावे. ‘तुझे’, ‘निघावे’, ‘दिली’ आणि ‘काळजी’ हे चारही शब्द ओळीच्या शेवटी तुटले आहेत. मोडी लिहिणारा जागा संपली की शब्द मध्येच तोडून पुढे जाई. त्यासाठी जोडरेघही देत नसे. हे तुकडे जोडून सलग परिच्छेद केला तर वाचन सुलभ होते, परंतु पडताळणीचा आधार जातो. दुसऱ्या ओळीतील शंका पाहण्यासाठी मूळ कागदाची दुसरीच ओळ काढता यावी, यासाठी ओळी राखावयाच्या आणि प्रत्येकीस क्रमांक द्यावयाचा. ओळी राखण्याचा दुसरा लाभ असा की, एकच शब्द लागोपाठच्या दोन ओळींत आला असता डोळा वरून खाली घसरतो आणि मधला मजकूर गळतो. कागदावरील आणि नकलेतील ओळी मोजताच ही चूक उघडी पडते. मासिकात जागेअभावी ओळी सलग छापावयाच्या असतील तर ओळ तुटल्याची खूण म्हणून तिरपी रेघ / वापरावी. उभी रेघ वापरू नये. व्यापारी पत्रात तीच खूण पावकीची असते.

आता शंकांकडे वळू. या पाच ओळींत तीन शंका आहेत आणि तिन्ही निरनिराळ्या जातीच्या आहेत.

दुसऱ्या ओळीत अक्षरांविषयी काहीच शंका नाही. ‘स’ला उकार आणि पुढे ‘त’, हे स्वच्छ दिसते. पण उकार ऱ्हस्व की दीर्घ हे मोडी सांगत नाही. सूत घेऊन यावयाचे की सुतास, म्हणजे मुलास, घेऊन यावयाचे? सोलापूरच्या पेढीच्या पत्रात सूत अधिक संभवते, म्हणून ते मजकुरात ठेवले. दुसरा अर्थ चौकटी कंसात दिला. एरवी ऱ्हस्व-दीर्घ आजच्या रीतीने लिहिण्यास हरकत नाही. ‘आसिरवाद’ आणि ‘विसेस’ मात्र तसेच ठेवावे. ते लेखकाचे उच्चार आहेत. ते सुधारणे म्हणजे त्याच्या तोंडी आपली भाषा घालणे.

तिसऱ्या ओळीतील शंका आकड्याची आहे. जुन्या लेखनात । म्हणजे पाव, ॥ म्हणजे अर्धा आणि ॥। म्हणजे पाऊण. येथे शेवटच्या दोन रेघांना किंचित वळण आहे असे समजू. त्या साडेच्या खुणेऐवजी दोन एकही असू शकतील. मग साडेएकशे पंचवीस रुपयांची हुंडी बारा हजार पाचशे अकरा रुपयांची होते! याचा निर्णय कागदाबाहेर मिळतो. हुंडी उपलब्ध असेल तर तीत रक्कम आकड्यांत, अक्षरांत आणि बहुधा ‘निमे’ इतक्याची दुप्पट अशाही रीतीने लिहिलेली असते; नसेल तर त्या मितीचा रोजमेळ पाहावा. तेथे रक्कम सापडली तरी पत्रातील [?] काढू नये. खाली टीप द्यावी : ‘रोजमेळात साडेएकशे पंचवीस.’ पत्र काय सांगते आणि वही काय सांगते, हे दोन स्वतंत्र पुरावे आहेत.

चौथ्या ओळीत कागदाची घडी आली आहे आणि दोन-तीन अक्षरे झिजली आहेत. पुढे ‘काळजी न करणे’ असल्याने हात सहज ‘बरी’ लिहू पाहतो. पण ‘नरम’ हा शब्दही तेवढ्याच जागेत बसतो आणि आजारपणाच्या पत्रातही धीर देण्यासाठी हेच वाक्य लिहिले जाते. म्हणून येथे अंदाजाचा शब्द मजकुरात मुळीच घालू नये. किती अक्षरांची जागा आहे तेवढेच सांगावे. मात्र त्याआधी एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून छायाचित्र घ्यावे. घडीतील बोरूची खोलगट रेघ कधी कधी त्यात उमटते.

संशयित अक्षर ओळखण्याचा जुना उपाय म्हणजे त्याच हाताची अक्षरमाला तयार करणे. ‘चिरंजीव’, ‘अनेक आसिरवाद’, ‘काळजी न करणे’ हा मायन्याचा आणि समारोपाचा मजकूर ठराविक असल्याने नि:शंक वाचता येतो. त्यातून त्या लेखकाचा ‘र’, ‘न’, ‘क’ कसा आहे हे उतरवून घ्यावे आणि शंकेचे अक्षर त्याच्याशी ताडावे. छापील मोडी तक्त्याशी नव्हे. शेवटी दोघांनी मिळून नक्कल तपासावी. एकाने मूळ पत्र मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने टंकित प्रत पाहावी. ज्याने टंकन केले त्याने मूळ वाचू नये. त्याला आपली चूक पुन्हा तशीच दिसते.

मितीही जशी आहे तशी उतरवावी. ‘संवत १९८५, कार्तिक शुद्ध ५’ असे असेल तर ते इसवी सन 1985 नव्हे, 1928 होय. पण हा हिशेब टिपेत करावा, पत्रात नव्हे.

या शिस्तीचा आदर्श सोलापुरातच आहे. जीवराज जैन ग्रंथमालेत डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांनी ‘तिलोयपण्णत्ती’ संपादित केली. तिचा पहिला भाग 1943 मध्ये निघाला. निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद त्यांनी पुसले नाहीत, तळटीपांत नोंदविले. घरातील पाच ओळींच्या पत्रासही हीच रीत लागू आहे. ‘अवाचनीय’ ही खूण राहिली तर उद्या त्याच दप्तरातून निघालेले दुसरे पत्र आईची प्रकृती कशी होती हे सांगू शकेल. तेथे आधीच ‘बरी’ लिहून ठेवले असेल तर तो प्रश्न पुन्हा कोणी विचारणार नाही.